रिव्ह्यूअरचं म्हणणं चुकीचं असेल तर उत्तर कसं लिहायचं?

प्रश्न: ताई, माझा पहिला पेपर मेजर रिव्हिजनला आलाय. शिकवण्याच्या दोन पद्धतींची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट, प्रत्येकी १०० विद्यार्थी. नेहमीच्या पद्धतीत सरासरी ५० गुण, नव्या पद्धतीत ५३.२, स्टँडर्ड डेव्हिएशन दोन्हीकडे १०. दुसरा रिव्ह्यूअर म्हणतो की आकृती २ मध्ये दोन्ही गटांचे कॉन्फिडन्स इंटरव्हल ओव्हरलॅप होतायत, म्हणजे फरक सिग्निफिकंट नाही, मुख्य निष्कर्ष काढून टाका. सहा महिन्यांनी फरक १.१ उरला, तो सिग्निफिकंट नव्हता म्हणून आम्ही "फरक टिकला नाही" असं लिहिलं, तर तिथे तो पोस्ट-हॉक पॉवर मागतोय. आणि म्हणे किती विद्यार्थी गळाले ते लिहिलंच नाही, जे पान ७ वर लिहिलेलं आहे! गाईड म्हणतात वाद नको, तो म्हणतो ते सगळं करून टाक. मला पटत नाहीये. उत्तर कसं लिहू?

उत्तर:

गाईडचं ऐकून मुख्य निष्कर्ष काढू नकोस. पेपर छापून आला की त्यावर नाव तुझं आणि त्यांचं असणार, रिव्ह्यूअरचं नाही, आणि बरोबर असलेला निष्कर्ष कुणाला बरं वाटावं म्हणून काढला तर पुढे तो पेपर वाचणाऱ्याला चुकीची माहिती मिळते. पण "तो चुकलाय" एवढं धरून लिहायला बसलीस तरी उत्तर बिघडेल, कारण तू दिलेल्या तीन मुद्द्यांत तो तीन वेगवेगळ्या प्रकारे चुकलाय आणि त्यातल्या एका ठिकाणी तर त्याची शंका खरी आहे, फक्त त्याने सांगितलेला उपाय चुकीचा आहे. हे वेगळं करणं हेच खरं काम, भाषा वगैरे नंतर.

आधी एक ध्यानात घे, हे उत्तर वरवर रिव्ह्यूअरला असतं पण निर्णय एडिटर घेतो. एडिटर बहुतेक वेळा तुझ्या नेमक्या विषयातला नसतो, त्याच्यासमोर दोन माणसं दोन उलट गोष्टी सांगत असतात आणि त्याला ठरवायचं असतं कुणाचं ऐकायचं. म्हणून प्रत्येक उत्तर असं हवं की एडिटरला मूळ पेपर न उघडता तिथल्या तिथे कळेल की मुद्दा काय होता, तुम्ही काय केलं, आणि केलं नसेल तर का नाही. त्यासाठी रिव्ह्यूअरचं वाक्य जसंच्या तसं चिकटवायचं, खोचक असलं तरी कापायचं नाही, सौम्य करायचं नाही, दोन मुद्दे एकात घालायचे नाहीत आणि क्रमही बदलायचा नाही. खाली तुझं उत्तर, त्याखाली पेपरमध्ये बदललेलं वाक्य अवतरणात आणि पान-ओळ नंबर. २.१, २.२, २.३ असे नंबर दे म्हणजे कव्हर लेटरमध्ये त्यांचा उल्लेख करता येतो.

आता ओव्हरलॅपचा मुद्दा. ठामपणे लिहिण्याआधी स्वतः आकडे करून बघ, मी तुझ्याच आकड्यांवरून करून दाखवते. स्टँडर्ड डेव्हिएशन १०, गटात १०० जण, म्हणजे प्रत्येक सरासरीचा स्टँडर्ड एरर १. ९५ टक्के इंटरव्हल साधारण दोन्ही बाजूंना २, म्हणजे पहिल्या गटाचा ४८.० ते ५२.० आणि दुसऱ्याचा ५१.२ ते ५५.२. ओव्हरलॅप होतोय, ५१.२ ते ५२.० एवढा पट्टा दोघांत आहे, रिव्ह्यूअरला जे दिसलं ते खरंच दिसतंय. पण आपला प्रश्न दोन सरासऱ्यांमधल्या फरकाचा आहे आणि फरकाचा स्टँडर्ड एरर १ अधिक १ असा २ होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं असतं, म्हणजे १.४१. त्यामुळे फरक ३.२ आणि त्याचा इंटरव्हल ०.४ ते ६.०, शून्य त्यात नाही, पी-व्हॅल्यू ०.०२५ च्या आसपास.

म्हणजे झालं काय बघ, फरक सिग्निफिकंट ठरायला इथे साधारण २.८ गुण पुरतात, पण दोन पट्ट्या एकमेकींपासून पूर्ण सुटायला साधारण ४ गुण लागतात. २.८ आणि ४ च्या मधे जो कुठला फरक येईल त्यात पट्ट्या ओव्हरलॅप होतील आणि तरी फरक सिग्निफिकंट असेल, आणि तुझा ३.२ नेमका तिथे पडलाय. रिव्ह्यूअरचा नियम एकाच दिशेने खरा आहे: स्वतंत्र गटांचे ९५ टक्के इंटरव्हल अजिबात ओव्हरलॅप होत नसतील तर त्या पातळीवर फरक सिग्निफिकंट असतो, उलट मात्र म्हणता येत नाही. ही गल्लत इतकी सर्रास होते की त्यावर स्वतंत्र पेपर लिहिले गेलेत, शेंकर आणि जेंटलमन यांचा २००१ चा द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन मधला पेपर नेमका याच प्रश्नावर आहे. तो उत्तरात दे. असा एक नेमका संदर्भ दिला की "माझं खरं की त्याचं" हा प्रश्नच राहत नाही, एडिटर उघडून बघू शकतो. सहा संदर्भ मात्र देऊ नकोस, ते भांडणाला माणसं गोळा करून आणल्यासारखं दिसतं.

पण त्याआधी एक तपासायचंच. आकृती २ च्या खाली लिहिलंय का की त्या पट्ट्या नक्की कशाच्या आहेत? स्टँडर्ड डेव्हिएशन, स्टँडर्ड एरर आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल तिन्ही आकृतीत सारख्याच दिसतात आणि खाली लिहिलं नसेल तर वाचणारा अंदाजच बांधणार. आणि निकालात फरकाचा इंटरव्हल दिलाय का, की नुसती पी-व्हॅल्यू? नुसती पी-व्हॅल्यू असेल तर त्याच्याकडे बघायला आकृतीच होती ना. रिव्ह्यूअरचं अनुमान चुकलं तरी त्याला तिकडे नेणारं काहीतरी आपल्याच कागदावर असतं, ते शोधून बदलायचं, म्हणजे निष्कर्ष तोच राहतो आणि तरी "आम्ही काहीच केलं नाही" असं लिहावं लागत नाही.

साधारण असं लिही, जर्नलच्या भाषेत तू आण:

> "दोन गटांचे इंटरव्हल आकृती २ मध्ये ओव्हरलॅप होतात हे रिव्ह्यूअरचं निरीक्षण बरोबर आहे. मात्र यावरून फरक सिग्निफिकंट नाही असा निष्कर्ष निघत नाही, म्हणून आम्ही मुख्य निष्कर्ष कायम ठेवला आहे. दोन स्वतंत्र सरासऱ्यांचे ९५ टक्के इंटरव्हल ओव्हरलॅप होत असतानाही त्यांच्यातल्या फरकाचा इंटरव्हल शून्याला वगळू शकतो (शेंकर आणि जेंटलमन, २००१). आमच्या डेटामध्ये फरक ३.२ गुण आहे, ९५ टक्के इंटरव्हल ०.४ ते ६.०. मूळ आकृतीतून हा फरक थेट दिसत नव्हता, त्यामुळे आता आकृती २ मध्ये फरक आणि त्याचा इंटरव्हल वेगळा दाखवला आहे आणि आकृतीखाली पट्ट्यांचा अर्थ लिहिला आहे (पान ९, ओळ २१० ते २१६)."

यात पहिलं वाक्य खरं मान्य करतं, दुसरं लगेच नाही म्हणतं. ते "नाही" तिसऱ्या परिच्छेदात लपवू नकोस, घाबरून लिहिलेल्या उत्तरांत नेमकं हेच होतं की अर्धं पान आभार आणि स्पष्टीकरण आणि शेवटपर्यंत कळतच नाही यांनी बदल केला की नाही, मग एडिटरला वाटतं टाळताहेत. आणि काय नाहीये तेही बघ. "रिव्ह्यूअरचा गैरसमज झाला आहे" नाही, "उघडच आहे की" नाही, "सांख्यिकीचा मूलभूत नियम आहे" नाही. हे शब्द पुराव्यात काही भर घालत नाहीत, फक्त समोरच्याला स्वतःचं म्हणणं धरून ठेवायला भाग पाडतात, आणि बऱ्याचदा दुसऱ्या फेरीत पेपर परत त्याच माणसाकडे जातो.

आता पोस्ट-हॉक पॉवर, इथे जरा थांबून विचार कर. मागणी चुकीची आहे हे नक्की. मिळालेला फरक हाच खरा फरक धरून नंतर पॉवर काढली तर ती पी-व्हॅल्यूचंच दुसरं रूप असते, नवीन माहिती शून्य. पी-व्हॅल्यू बरोब्बर ०.०५ आली की अशी पॉवर साधारण ५० टक्के येणार, पी मोठी तर पॉवर कमी, कायम. तुझ्या सहा महिन्यांच्या निकालाला काढलीस तर ११ टक्क्यांच्या आसपास येईल आणि ते छापलंस तर वाचणारा म्हणेल अभ्यासच कमकुवत होता, आणि तो अर्थ त्या आकड्यातून निघतच नाही. यावर होएनिग आणि हायसी यांचा पेपर आहे, तोही २००१ चा आणि त्याच जर्नलमधला, एवढा एक संदर्भ पुरे.

पण तो का मागतोय? त्याला शंका आलीय की तुम्ही "फरक टिकला नाही" म्हणताय ते खरंच टिकला नाही म्हणून, की तुम्हाला तो दिसण्याइतका डेटाच नव्हता म्हणून. आणि ही शंका रास्त आहे. करून बघू. समजा सहा महिन्यांनी एका गटात ८८ आणि दुसऱ्यात ८६ उरले (तुझे खरे आकडे घाल), फरक १.१, तर इंटरव्हल येतो उणे १.९ ते ४.१. म्हणजे खरा फरक शून्य असू शकतो, नवी पद्धत थोडी वाईटही असू शकते, आणि ४ गुणांनी चांगलीही असू शकते. गटात १०० जण घेतलेत त्यावरून माझा अंदाज की सुरुवातीला ४ गुणांचा फरक पकडायचा, ८० टक्के पॉवर, असं गणित केलं असणार, डेव्हिएशन १० धरलं तर ते बरोबर शंभराच्या आसपास येतं. तसं असेल तर तुम्हाला जो फरक महत्त्वाचा वाटत होता तो ४ गुणांचा फरक अजून त्या इंटरव्हलमध्ये बसलेला आहे! मग "फरक टिकला नाही" असं ठाम कसं लिहिता येईल? नाही लिहिता येत. तिथे तुमचं वाक्य चुकलंय, ते बदल, अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये असेल तर तिथलंही. तसंच "आधी ३.२ सिग्निफिकंट होता आणि नंतर १.१ नाही, म्हणजे परिणाम कमी झाला" असंही चर्चेत कुठे लिहिलं असेल तर बघ, एक सिग्निफिकंट आणि दुसरा नाही एवढ्यावरून ते दोन आकडे एकमेकांपासून वेगळे आहेत हे सिद्ध होत नाही, त्याची तुलना वेगळी करावी लागते.

म्हणजे उत्तराचा आकार इथे बदलतो. आधी त्याची शंका मान्य, मग मागितलेला आकडा का देत नाही ते, मग त्याच शंकेचं खरं उत्तर:

> "अभ्यासाच्या क्षमतेबद्दल रिव्ह्यूअरने उपस्थित केलेला प्रश्न योग्य आहे आणि आमचं मूळ वाक्य डेटापेक्षा जास्त ठाम होतं. मिळालेल्या परिणामावरून काढलेली पोस्ट-हॉक पॉवर पी-व्हॅल्यूवरूनच ठरते (होएनिग आणि हायसी, २००१), त्यामुळे ती आम्ही दिलेली नाही. त्याऐवजी अभ्यासाआधी केलेलं सॅम्पल साइझचं गणित (पान ५, ओळ ९८) आणि सहा महिन्यांच्या फरकाचा इंटरव्हल, १.१ गुण, उणे १.९ ते ४.१, दिला आहे. 'फरक टिकला नाही' याऐवजी आता असं वाक्य आहे: 'सहा महिन्यांनंतर फरक राहिला की नाही हे या डेटावरून ठरवता येत नाही' (पान २, ओळ ३१, पान ११, ओळ २६०)."

हे आधीचं गणित खरोखर आधी केलेलं असेल तरच लिही हं. प्रोटोकॉलमध्ये किंवा एथिक्सच्या अर्जात ते सापडेल. केलंच नसेल तर तसं स्पष्ट सांग, मर्यादांमध्ये एक वाक्य घाल आणि इंटरव्हलवर उभी राहा. आता मागे बसून बनवलेलं गणित "आधी केलं होतं" म्हणून लिहिणं हे खोटं आहे आणि त्याला माझा सल्ला कधीच नाही.

गळतीचा मुद्दा. तुझ्या उद्गारचिन्हातूनच कळतंय की हा जास्त लागलाय, आणि मी समजू शकते, लिहिलेलं असूनही लिहिलं नाही म्हटलं की राग येतो. पण "पान ७ वर स्पष्ट लिहिलेलं आहे" हे वाक्य लिहू नकोस. तो आकडा पान ७ वर नक्की कुठे आहे? परिच्छेदाच्या मधे, की तक्त्याखालच्या बारीक टिपेत? इतका वेळ देऊन वाचणाऱ्या माणसाला सापडला नाही तर घाईत वाचणाऱ्याला कसा सापडेल. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासात वाचणारा हे शोधतो ते एका फ्लो डायग्राममध्ये, किती आले, कुठल्या गटात किती गेले, किती गळाले, का गळाले, शेवटी हिशोबात किती. वैद्यकीय ट्रायलसाठी कन्सॉर्टच्या नियमांत हा डायग्राम मागतात, तुझा विषय शिक्षणाचा असला तरी तो काढायला काहीच हरकत नाही. उत्तर दोन ओळींचं: "ही माहिती आधी तक्ता २ च्या टिपेत होती आणि सहज दिसत नव्हती, आता निकालाच्या सुरुवातीला आणि नव्या आकृती १ मध्ये दोन्ही गटांची गळती कारणांसकट दिली आहे." माहिती आधीपासून होती हे त्यात आलं, एडिटरला कळलं, आणि कुणाला टोचलंही नाही. "कारणांसकट" मात्र खरंच कर, कारण नव्या पद्धतीच्या गटातून कच्चे विद्यार्थीच जास्त गळाले असतील तर सहा महिन्यांचा आकडाच वाकडा होतो, आणि पुढच्या फेरीत तो तेच विचारणार.

बाकीचे छोटे मुद्दे, स्पेलिंग, संदर्भ राहिला, तक्त्याचं शीर्षक, ते करून टाक आणि "दुरुस्त केलं, पान अमुक" एवढंच लिही. प्रत्येक मुद्द्याला "या अत्यंत मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहोत" नको, सुरुवातीला एकदा मनापासून आभार पुरे, नाहीतर जिथे खरंच त्याने काही सुधारलंय (आणि पॉवरच्या मुद्द्यात सुधारलंयच) तिथल्या आभाराला किंमत राहत नाही.

गाईडशी बोलताना "रिव्ह्यूअर चूक" असं सुरू करू नकोस. वरचं ओव्हरलॅपचं गणित एका कागदावर घेऊन जा आणि तिन्ही उत्तरांचा कच्चा मसुदा दाखव. त्यांना भीती पेपर रिजेक्ट होण्याची आहे, आणि ती निराधार नाही, पण त्यांना दिसेल की तिन्ही मुद्द्यांत तुम्ही पेपरमध्ये काही ना काही बदल करताय, नुसतं "नाही" कुठेच नाही. जवळपास कुणी सांख्यिकीवाले असतील तर २.१ आणि २.२ त्यांना वाचायला दे, सहलेखकांची सगळ्यांची संमती तर लागेलच. यात वेळ जाईल, मुदत कमी पडत असेल तर एडिटरला मुदत संपायच्या आधी मेल करून वाढवून माग, कारण सांगून मागितली तर बऱ्याचदा मिळते.

एडिटरच्या कव्हर लेटरमध्ये ही गोष्ट लपवायची नाही. दोन ओळी लिही की सर्व मुद्द्यांना उत्तरं दिली आहेत, २.१ आणि २.२ मध्ये सुचवलेला बदल तसाच न करता कारणांसह दुसरा बदल केला आहे, आणि हे मुद्दे सांख्यिकीचे असल्याने एडिटरना योग्य वाटल्यास सांख्यिकी रिव्ह्यूअरचं मत घ्यायला आमची काही हरकत नाही. हे शेवटचं वाक्य तेव्हाच लिही जेव्हा तुझं गणित दुसऱ्या कुणीतरी तपासलेलं असेल. रिव्ह्यूअरबद्दल तक्रारीचा सूर नको, आणि तो कोण असेल याचा अंदाज तर अजिबात नको, पत्रातही नाही आणि चुकून ओळखलास तरी त्याला परस्पर मेलही नाही.

दुसऱ्या फेरीत तो परत ओव्हरलॅपचंच म्हणाला तर काय? मग उत्तर आणखी छोटं करायचं, मोठं नाही. आकडा, संदर्भ, आणि "आम्ही या मुद्द्यावर आमची भूमिका कायम ठेवत आहोत, निर्णय एडिटरवर सोपवतो." तिथे नवीन युक्तिवाद शोधत बसलीस तर पहिला कच्चा होता असं वाटतं. एडिटरने तरीही निष्कर्ष काढायलाच सांगितलं तर माझ्या मते पेपर मागे घेऊन दुसऱ्या जर्नलला पाठवणं बरं, नवीन आकृती, इंटरव्हल आणि फ्लो डायग्रामसकट तो आधीपेक्षा चांगला झालेला असेल.

पाठवायच्या दिवशी एक काम सगळ्यात शेवटी ठेव. उत्तरातले पान आणि ओळ नंबर नक्की कुठल्या फाइलचे आहेत, ट्रॅक चेंजेसवाल्या की क्लीन, ते उत्तराच्या वरच लिही, कारण दोन्हीत ओळी वेगळ्या पडतात, आणि अपलोड केल्यावर सिस्टिम जी पीडीएफ बनवते ती उघडून एकेक नंबर ताडून बघ, शेवटच्या क्षणी एक वाक्य घातलं तरी खालचे सगळे नंबर सरकतात आणि रिव्ह्यूअर ओळ २१० वर गेला की तिथे त्याला आकृती २ चीच ओळ दिसायला हवी.